दहापटीची चूक

बेंगळुरू शहर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आनेकल तालुका आहे. जिगणी, बोम्मसंद्रा आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात येतात. अत्तिबेले ओलांडले की तमिळनाडूतले होसूर लागते. या पट्ट्यात शेड विकत किंवा भाड्याने घेणाऱ्याला वर्षा-दोन वर्षांत जागा पुरेनाशी होते. बाजूला वाढायला जागा नसते, म्हणून शेडच्या आतच लोखंडी खांब उभे करून, आयबीम टाकून, वर चेकर्ड प्लेट अंथरून एक मेझनाइन चढवले जाते. काम लहान असते, फॅब्रिकेटर ओळखीचा असतो आणि हिशेब एका कागदावर मावतो. एककांची गफलत बहुधा अशाच एका कागदावरच्या हिशेबात होते.

त्या कागदावर किती भाषा बोलल्या जातात ते पाहा. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असते. मालक लोड सांगतो तो टनात किंवा किलोत. स्टीलचे तक्ते उघडावेत तर सेक्शनचे गुणधर्म सेंटिमीटरमध्ये दिलेले. स्टीलची ताकद कोडमध्ये न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. आणि हिशेब करणाऱ्याला कॉलेजात सवय लागलेली असते ती किलोन्यूटन आणि मीटरची. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची घ्या, नाहीतर पुण्या-मुंबईची घ्या, परीक्षेतले गणित एकाच ठरीव साच्याचे असते: लोड किलोन्यूटन प्रति मीटर, स्पॅन मीटर, सेक्शन मिलिमीटर, उत्तर मिलिमीटर. विद्यार्थ्याला मीटर आणि मिलिमीटरमधल्या खड्ड्याची ओळख होते. सेंटिमीटर आणि किलोचा खड्डा त्याला शेडमध्ये गेल्यावर भेटतो. माझ्या मते हा दुसरा खड्डा जास्त वाईट. का, ते एक बीम घेऊनच पाहू.

उदाहरणादाखल एक मेझनाइन घेऊ. स्पॅन ६ मीटर, बीम दोन्ही टोकांना नुसते टेकवलेले, एकमेकांपासून १.७ मीटरवर. वर हलकी यंत्रे आणि माल ठेवायचा आहे. हलक्या यंत्रांच्या कामाच्या जागेसाठी आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर असा लाइव्ह लोड दिला आहे. १.७ ने गुणले की एका बीमच्या वाट्याला ८.५ किलोन्यूटन प्रति मीटर येतात. चेकर्ड प्लेट आणि तिच्याखालचे अँगल मिळून ०.६५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरले, तर त्याचे १.१ होतात. बीम आयएसएमबी २५० घेतला तर त्याचे स्वतःचे वजन मीटरला ३७.३ किलो, म्हणजे ०.३७ किलोन्यूटन. सगळे मिळून ९.९७ भरते, आपण १० धरू.

आयएसएमबी २५० साठी तक्त्यात दोन आकडे सापडतात. सेक्शन मॉड्युलस ४१०.५ घन सेंटिमीटर आणि मोमेंट ऑफ इनर्शिया ५१३१.६ सेंटिमीटरचा चौथा घात. पहिला स्ट्रेससाठी, दुसरा डिफ्लेक्शनसाठी. आता सगळे न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये आणून हिशेब असा होतो:

```
w = 10 kN/m = 10 N/mm
L = 6 m = 6000 mm
M = wL²/8 = 10 × 6² / 8 = 45 kN·m = 45 × 10⁶ N·mm
Z = 410.5 cm³ = 410.5 × 10³ mm³
I = 5131.6 cm⁴ = 5131.6 × 10⁴ mm⁴
E = 2 × 10⁵ N/mm²

σ = M/Z = 45 × 10⁶ / (410.5 × 10³) = 109.6 N/mm²
δ = 5wL⁴/(384EI) = 16.4 mm
```

स्ट्रेस ११०. नेहमीच्या २५० यील्डच्या स्टीलला जुन्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीने १६५ पर्यंत चालते. डिफ्लेक्शन साडेसोळा मिलिमीटरच्या आत. त्यातला लाइव्ह लोडचा वाटा १४ मिलिमीटर आणि आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे तडे जाण्याची भीती नसलेल्या फ्लोअरला स्पॅनच्या तीनशेव्या भागाइतके, म्हणजे २० मिलिमीटर, चालते. बीम ठीक आहे, उगाच जाडही नाही.

या हिशेबात पहिली ओळ नीट पाहण्यासारखी आहे. १० किलोन्यूटन प्रति मीटर म्हणजे १० न्यूटन प्रति मिलिमीटर. आकडा बदलतच नाही, कारण वर किलोमुळे हजार आले आणि खाली मीटरमुळेही हजार आले, दोन्ही कटले. इथे नवखा माणूस हमखास अडतो. ‘किलोचे न्यूटन करायचे’ एवढे लक्षात ठेवून तो १०,००० लिहितो, किंवा ‘मीटरचे मिलिमीटर करायचे’ एवढेच लक्षात ठेवून ०.०१ लिहितो. पहिल्या चुकीचे उत्तर येते १६,४४० मिलिमीटर, म्हणजे सहा मीटरचा बीम सोळा मीटर खाली वाकला. दुसऱ्या चुकीचे उत्तर येते ०.०१६ मिलिमीटर. मोमेंटचेही असेच. ४५ किलोन्यूटन-मीटरमध्ये दोन हजार लपलेले आहेत, एक किलोचा आणि एक मीटरचा. एकच उघडला तर स्ट्रेस ११० ऐवजी ०.११ येतो.

हजारपटीच्या चुका अशा असतात. त्या भयंकर दिसतात, आणि दिसतात म्हणूनच फारशा घातक ठरत नाहीत. सोळा मीटर वाकलेला बीम पाहून कोणीही पान उलटून मागे जातो. फार तर एवढे सांगावेसे वाटते की लहान बाजूची चूक मोठ्या बाजूच्या चुकीइतकी ओरडत नाही. ०.०१६ पाहून ‘म्हणजे काही वाकतच नाही, उत्तम’ असे म्हणणारी माणसे असतात.

एक सवय मात्र इथेच मोडायला हवी. सगळी एकके सरमिसळ टाकून हिशेब केला, लोड आणि स्पॅन किलोन्यूटन-मीटरमध्ये, बाकीचे न्यूटन-मिलिमीटरमध्ये, तर डिफ्लेक्शन ०.००००००००००१६४ असे काहीतरी येते. त्याला दहाच्या बाराव्या घाताने गुणायचे असते. पण किती शून्ये लावायची हे एककांवरून न काढता ‘सोळा बरे दिसते’ म्हणून ठरवले, की हिशेब संपला आणि अंदाज सुरू झाला. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे तोच अशी शून्ये बरोबर लावू शकतो, आणि त्याला मुळात हिशेबाची गरज नसते.

आता दहापटीकडे येऊ. ती येते तीन दारांनी, आणि तिन्ही दारे आपल्याकडच्या इतिहासाने उघडी ठेवली आहेत.

भारतात दशमान पद्धतीचा वजने-मापे कायदा झाला १९५६ साली. पाउंड आणि इंच गेले, पण त्यांच्या जागी इंजिनिअरच्या टेबलावर लगेच न्यूटन आला नाही. आला किलो आणि सेंटिमीटर. मानक संस्थेचे स्टील सेक्शनचे हँडबुक, एसपी ६ चा पहिला भाग, १९६४ साली निघाले ते याच काळात. त्यातले तक्ते सेंटिमीटरमधले. पुढे कोड बदलले, स्ट्रेस न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये लिहिला जाऊ लागला, पण तक्त्यांतला सेंटिमीटर टिकून राहिला. तो आजही आपल्या हातात आहे. तक्ता एका जमान्याचा आणि कोड दुसऱ्या जमान्याचा, असा संसार चालू आहे.

पहिले दार या सेंटिमीटरचे. सेक्शन मॉड्युलस घनात असतो, म्हणून १० नव्हे तर १००० ने गुणायचा, हे सगळ्यांना पाठ असते. मोमेंट ऑफ इनर्शिया चौथ्या घातात असतो, तो १०,००० ने गुणायचा. दोन आकडे तक्त्यात एकाच ओळीत शेजारी-शेजारी असतात आणि एक्सेलमध्ये शेजारच्या खणातला फॉर्म्युला ओढून आणला जातो. झाले. एकाचा गुणक दुसऱ्याला लागला आणि उत्तर नेमके दहा पटींनी चुकले.

दुसरे दार किलोचे. ‘मीटरला हजार किलो’ हे १००० न्यूटन म्हणून टाइप झाले की लोड ९.८१ पटींनी कमी झाला. चेन पुलीवर ‘२ टन’ लिहिलेले असते; त्याचे १९.६ किलोन्यूटन होतात, पण घाईत २ किलोन्यूटन लिहिले जातात. तिसरे दार इलॅस्टिक मॉड्युलसचे. स्टीलचा हा आकडा न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये दोन लाख आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे वीस लाख. जुन्या पुस्तकातून, जुन्या शीटमधून, जुन्या माणसाच्या तोंडून वीस लाख येतो आणि नव्या एककांत बसतो.

दहापट धोकादायक का, हे आता त्याच बीमवर पाहू. समजा सेक्शन मॉड्युलसला चुकून दहा हजाराचा गुणक लागला आहे. आयएसएमबी २५० चा स्ट्रेस येतो ११ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ०.११ सारखा हा आकडा हास्यास्पद नाही. तो फक्त ‘फारच सेफ’ दिसतो. आणि फारच सेफ बीम पाहिल्यावर कोणीही काय करेल? लहान बीम घेईल. मालकही तेच सुचवेल, कारण स्टील किलोवर विकत घ्यायचे असते. त्याच चुकीच्या शीटमध्ये उतरत गेले तर आयएसएमबी १०० सुद्धा पास होतो. त्याचा सेक्शन मॉड्युलस ५१.५ घन सेंटिमीटर. चुकीच्या गुणकाने स्ट्रेस ८७ दाखवला जातो, १६५ च्या निम्म्याच्या आसपास. अगदी समजूतदार, नेमस्त आकडा. खरा स्ट्रेस आहे ८७४. स्टील २५० लाच कायमचे वाकू लागते. हा बीम पूर्ण लोड येईपर्यंत थांबणारसुद्धा नाही.

हजारपटीची चूक आपल्याला अशा ठिकाणी नेत नाही, कारण वाटेत कुठेतरी आकडा वेडावाकडा दिसतो आणि माणूस थांबतो. दहापटीची चूक शहाण्या आकड्यांच्या वेशात चालते. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ हरवले, त्याची गोष्ट एककांच्या प्रत्येक धड्यात सांगितली जाते. पण त्यातली एक बाब क्वचित सांगितली जाते. तिथे पाउंड-सेकंद आणि न्यूटन-सेकंद यांचा घोळ होता, म्हणजे चूक फक्त ४.४५ पटींची होती. हजारपटीची असती तर ती प्रवासाच्या सुरुवातीलाच लक्षात आली असती. छोटी होती म्हणून डिसेंबर १९९८ पासून नऊ महिने ती सोबत प्रवास करत राहिली.

तेव्हा तपासणी अशी हवी की जी दहाचा फरकही पकडेल. नुसते ‘एकके लिहा, एकके कापा’ हा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. ज्याने तक्त्यातून आकडा उचलतानाच चुकीचा गुणक लावला, त्याची पुढची सगळी एकके सुरेख कापली जातात. मी जी पद्धत सुचवतो तिचे दोन मुख्य भाग आहेत: एक लोडसाठी, एक बाकी सगळ्यासाठी. त्याआधी एक साधी शिस्त. कागदाच्या डोक्यावर ‘N, mm’ असे लिहून टाकायचे. प्रत्येक आकडा मूळ एककात एकदा लिहायचा, शेजारी बदललेला लिहायचा, आणि पुढे फक्त बदललेलाच वापरायचा. फॉर्म्युल्याच्या मधोमध हजाराने गुणणे-भागणे बंद. तपासणारा दुसरा माणूस तेवढा एकच कोपरा पाहतो आणि त्याचे निम्मे काम होते.

लोडची तपासणी कागदावर करायची नाही, जमिनीवर करायची. जिगणीत ग्रॅनाइट कापणारे आणि पॉलिश करणारे कारखाने पुष्कळ आहेत, तेव्हा तिथलेच माप घेऊ. २० मिलिमीटरचा ग्रॅनाइटचा स्लॅब चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतो. ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर म्हणजे सुमारे ५१० किलो. नऊ स्लॅब आडवे एकावर एक ठेवले की तेवढे झाले. थप्पीची उंची १८ सेंटिमीटर, घोट्याच्या थोडे वर. मालकाला विचारावे: ‘सगळ्या फ्लोअरभर एवढी थप्पी लागेल असे समजू का?’ तो ‘हो’ म्हणेल, किंवा ‘छे, आम्ही गुडघ्याएवढी लावतो’ असेही म्हणेल, आणि मग एककांच्या चुकीपेक्षा मोठी चूक वेळेत सापडेल. शीटमध्ये लोड चुकून दहापट कमी पडला असेल तर तो एका स्लॅबच्याही आत येतो. एका स्लॅबसाठी कोणी मेझनाइन बांधत नाही.

याला जोडून एका बीमवरचा एकूण भार टनात काढावा. १० किलोन्यूटन प्रति मीटर, ६ मीटर, म्हणजे ६० किलोन्यूटन, ९.८१ ने भागले की ६.१ टन. शीटमधून ०.६१ टन आले तर लगेच कळते, कारण टन हे माप फॅब्रिकेटरच्या हाताला ओळखीचे आहे. किलोन्यूटन कोणी कधी उचललेला नसतो.

आता दुसरा भाग, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन आपण दोन वेगळ्या फॉर्म्युल्यांनी काढतो, म्हणून ती दोन स्वतंत्र उत्तरे वाटतात. तशी ती नाहीत. एकच बीम एकाच लोडखाली वाकतो. किती वाकला यावरून त्याच्या कडेचा स्ट्रेस ठरतो. दोन्ही फॉर्म्युल्यांतून लोड आणि इनर्शिया काढून टाकले तर उरते ते असे:

```
δ = 5σL² / (24Ed)
```

इथे d म्हणजे बीमची उंची, वर-खाली सारख्या सेक्शनची. स्टीलसाठी E ठरलेलाच आहे, तो आत घालून टाकू. आणि आता एक गंमत करू: σ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये ठेवू, d मिलिमीटरमध्ये, पण L मात्र मुद्दाम मीटरमध्ये. मग मीटरच्या वर्गातून येणारे दहा लाख आणि E मधले दोन लाख एकमेकांना असे भिडतात की शिल्लक जवळजवळ एकच राहतो:

```
δ (mm) ≈ 1.04 × σ × L² / d      (σ: N/mm², L: m, d: mm)
```

आपल्या बीमवर चालवून पाहा. ११० गुणिले ३६, भागिले २५०, येतात १५.८, त्याला १.०४ ने गुणले की १६.५. लांब हिशेबाने १६.४ आले होते. जुळले. हे गणित तोंडी होते, सेलफोनचा कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. एककांच्या भेसळीविरुद्धच्या प्रकरणात मीच मीटर आणि मिलिमीटर एकत्र वापरले हे खरे. पण कोणत्या अक्षरात कोणते एकक हे शेजारीच लिहिले आहे, आणि गुणक त्याच हिशेबाने काढलेला आहे.

ही तपासणी काय पकडते ते पाहा. मघाचा आयएसएमबी १०० घ्या. शीट म्हणते स्ट्रेस ८७. तपासणीने डिफ्लेक्शन यायला हवे १.०४ गुणिले ८७ गुणिले ३६ भागिले १००, म्हणजे ३३ मिलिमीटर. शीटमध्ये इनर्शियाचा गुणक बरोबर असेल तर डिफ्लेक्शन दिसते ३२८. बरोबर दहापटीचा फरक. आणि हा फरक दहाचा आहे म्हणूनच चूक कुठे शोधायची तेही कळते: तक्त्यातून उचललेल्या दोन आकड्यांपैकी एकाच्या गुणकात. (तशी ३३ मिलिमीटरसुद्धा सहा मीटरला जास्तच आहे, पण ज्याने फक्त स्ट्रेस पाहून बीम निवडला त्याला ते कधी दिसणारच नाही. डिफ्लेक्शन न काढणे हीसुद्धा तपासणी वगळणेच आहे.) तिसऱ्या दाराची चूक, म्हणजे वीस लाखाचा मॉड्युलस, हीही इथे सापडते: स्ट्रेस ११० बरोबर येतो, शीटचे डिफ्लेक्शन येते १.६, तपासणी म्हणते १६.५. मात्र त्यासाठी १.०४ हा आकडा हाताने लिहिलेला हवा. शीटमधल्या E च्या खणाला जोडून तपासणीचा फॉर्म्युला बनवला तर चुकीचा E दोन्हीकडे जातो आणि चूक चुकीशी छान जुळते. एक्सेलमध्ये हवेच असेल तर साधे असे लिहावे, B1 मध्ये स्ट्रेस, B2 मध्ये स्पॅन मीटरमध्ये, B3 मध्ये बीमची उंची:

```
=1.04*B1*B2^2/B3
```

आणि ही तपासणी काय पकडत नाही, तेही तितकेच स्पष्ट असायला हवे. लोड दहापट कमी पडला तर स्ट्रेस ११ आणि डिफ्लेक्शन १.६, दोन्ही एकाच प्रमाणात घटले, तपासणी आनंदाने पास करते. म्हणून ग्रॅनाइटची थप्पी आधी. दोन्ही भाग मिळूनच पद्धत पूर्ण होते. एकटा कोणताही पुरत नाही. शिवाय स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन एकाच लोडचे हवेत. अनेक शीटमध्ये स्ट्रेस एकूण लोडवर आणि डिफ्लेक्शन फक्त लाइव्ह लोडवर काढलेले असते. आपल्या बीमवर मग १६.५ च्या समोर १४ दिसतील. हा फरक दहापटीचा नाही, पण कारण माहीत नसेल तर माणूस गोंधळतो.

बीम वेगळ्या प्रकारचा असेल तर गुणक बदलतो, रूप तेच राहते. दोन्ही टोकांना टेकवलेल्या बीमच्या मध्यावर एकच भार असेल, उदाहरणार्थ चेन पुली, तर १.०४ च्या जागी ०.८३. कॅन्टिलिव्हरवर सारखा पसरलेला लोड असेल तर २.५, आणि कॅन्टिलिव्हरच्या टोकाला एक भार असेल तर ३.३. हे चार आकडे डायरीच्या मागच्या पानावर मावतात. टी किंवा अँगलसारख्या सेक्शनमध्ये मध्यरेषा बीमच्या निम्म्या उंचीवर नसते. तिथे d ऐवजी मध्यरेषेपासून स्ट्रेस काढलेल्या कडेपर्यंतच्या अंतराची दुप्पट घ्यायची. आरसीसीला हे लागू नाही. त्याचा मॉड्युलस वेगळा, तो तडकतो, आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहतो.

उत्तर जुळले म्हणजे मेझनाइन सुरक्षित झाले असेही नाही. एकके बरोबर असण्याचा अर्थ एवढाच की केलेला हिशेब केलेल्या कल्पनेला धरून आहे. वरच्या फ्लॅंजला प्लेट किंवा अँगल नीट वेल्ड केलेले नसतील तर बीम खाली वाकण्याआधी आडवा मुरडू शकतो, आणि मग १६५ ची मर्यादा आपल्या कामाची राहत नाही. खांबाच्या जोडातले बोल्ट, खांबाखालचे फाउंडेशन, शेडच्या जुन्या खांबालाच बीम जोडला असेल तर त्या खांबाची ताकद, या कशाबद्दलही आपली तपासणी काही बोलत नाही. ती कामे सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची आहेत आणि त्याच्याकडूनच करून घ्यावीत.

काम उभे राहिल्यावर आणखी एक तपासणी शिल्लक असते आणि ती फुकट असते. माल चढवण्याआधी बीमच्या खालच्या बाजूला दोन टोकांमध्ये दोरी ताणून मध्यावरचे अंतर पट्टीने मोजून ठेवावे. ठरलेल्या लोडच्या निम्मा लोड सारखा पसरून चढवावा आणि पुन्हा मोजावे. आपल्या बीमच्या बाबतीत फरक ७ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. प्लेट बीमसोबत काम करते आणि टोकांचे जोडही थोडे धरून ठेवतात, म्हणून ५ आला तर आश्चर्य नाही. ७० च्या दिशेने जाऊ लागला तर माल उतरवा, खालची माणसे बाहेर काढा आणि हिशेबाच्या कागदावरचे दोन गुणक पहिल्यांदा पाहा: एक हजाराचा, एक दहा हजाराचा.